अडतीस टूल्स आणि रविवारची सकाळ

*ताई, मी कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत साडेचार वर्षं डेव्हऑप्स बघतो. दूध संस्थांच्या संकलनाचं सॉफ्टवेअर आमचं. पाइपलाइन मी उभी केली, सर्व्हर क्लाउडवर मी नेले, अलर्ट मी लावले. पुण्यातल्या आणि घरून काम देणाऱ्या मिळून तीसेक कंपन्यांना प्रोफाइल पाठवलं, दोनच ठिकाणांहून फोन आला. एका मुलाखतीत विचारलं, "अपटाइम ९९.९९ टक्के म्हणता, मोजला कसा?" मला काही सांगता आलं नाही. आकडा क्लाउड कंपनीच्या पानावर होता, तिथूनच घेतला होता. प्रोफाइल आणि आमची इन्सिडेंटची शीट सोबत जोडलीय. जरा बघा की.*
*— एक वाचक, उचगाव*

आधी ९९.९९ बद्दल बोलू, कारण तो आकडा आजच काढायचा आहे. क्लाउड कंपनी आकडा छापते तो तिच्या सेवेचा, तिच्या अटींवर दिलेला शब्द असतो. तो पाळला गेला नाही तर तुम्हाला बिलात काही सूट मिळते, इतकाच त्याचा अर्थ. त्या मशीनवरचं तुमचं सॉफ्टवेअर पहाटे संस्थेच्या सेक्रेटरीला उघडलं की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय तो आकडा तुमच्याच शीटशी जुळत नाही. २०२५चे एप्रिल ते सप्टेंबर म्हणजे १८३ दिवस, म्हणजे २,६३,५२० मिनिटं. ९९.९९ टक्के चालू राहायचं तर या सहा महिन्यांत मिळून फार तर २६ मिनिटं बंद चालेल. आणि तुमच्याकडे जुलैत नेटवर्क गेलं तो एकच इन्सिडेंट ६० मिनिटांचा आहे. मी पुण्यात या कामासाठी माणसं निवडते, आणि चार नऊ दिसले की मी पहिला प्रश्न हाच विचारते. सहा माणसांच्या टीमला चार नऊ गाठणं किती अवघड आहे हे समोरच्याला माहीत असतं.

खरा आकडा त्याहून कमी आहे, पण खूप जास्त बोलका आहे. तो तुमच्या शीटमध्येच पडून आहे. मी दोन संध्याकाळी ती शीट घेऊन बसले होते. काय सापडलं ते सांगते.

तुम्ही २०२४चे एप्रिल ते सप्टेंबर आणि २०२५चे तेच महिने, असे दोन्ही भरून ठेवलेत. हे फार बरं झालं. दुधाचा हंगाम असतो, थंडीत दूध वाढतं आणि उन्हाळ्यात कमी होतं. जानेवारी ते जूनची तुलना पुढच्या सहा महिन्यांशी केली असती, तर सर्व्हरवरचा ताणच वेगळा निघाला असता आणि सुधारणा तुमची की हंगामाची हे सांगता आलं नसतं. तेच महिने तेच महिने ठेवल्यामुळे तो प्रश्न मिटला. पहिल्या सहा महिन्यांत २२ इन्सिडेंट आहेत, दुसऱ्यात ९. आता "इन्सिडेंट ५९ टक्क्यांनी कमी केले" असं लिहायचा मोह होईल. थोडं थांबा, कारण त्या २२ मध्ये काय होतं ते बघितल्याशिवाय हा आकडा कोणाच्या कष्टाचा हे कळत नाही.

मी प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिलं. २२ पैकी ११ इन्सिडेंट रिलीजमुळे झालेले, ६ डिस्क भरल्यामुळे, ३ एसएमएस पाठवणाऱ्या बाहेरच्या कंपनीमुळे आणि २ नेटवर्कमुळे. रिलीजमुळे म्हणजे काय, याचा नियम मी असा ठेवला: रिलीज झाल्यापासून पुढचं पहिलं संकलन संपेपर्यंत जे मोडलं आणि जे जुनी आवृत्ती परत लावल्यावर किंवा घाईची दुरुस्ती केल्यावर सुरळीत झालं, ते रिलीजचं. तुम्ही दुसरा नियम लावलात तरी चालेल, फक्त दोन्ही वर्षांना एकच लावा आणि तो तोंडपाठ असू द्या. २०२५ मध्ये रिलीजचे ५, डिस्कचा १, एसएमएसचे २ आणि नेटवर्कचा १ आहे. एसएमएसचे तीनाचे दोन झाले त्यात तुमचा काही हात नाही, नेटवर्कचंही तसंच. ते प्रोफाइलमध्ये येऊ नयेत. तुमचं खरं काम दोन ठिकाणी दिसतं, रिलीजमध्ये आणि डिस्कमध्ये.

आता रिलीजकडे नीट बघा. त्या ११ पैकी बहुतेकांची सुरुवात रविवारी सकाळी सहा ते सातच्या मध्ये आहे. कारण सरळ आहे: तुमच्याकडे रिलीज शनिवारी रात्री अकराला व्हायचा. रात्री कोणी सॉफ्टवेअर वापरत नाही, म्हणून "काही बिघडलं तरी कोणाला त्रास नाही" असं वाटायचं. प्रत्यक्षात बिघाड रात्रभर तसाच पडून राहायचा आणि पहिली किटली काट्यावर आली की उघडा पडायचा. तेव्हा टीम झोपेत आणि संस्थेत माणसांची रांग. मी करवीर तालुक्यातल्या गावात वाढले आहे, आईबरोबर दूध घालायला जायची. ती रांग थांबत नाही. फॅटचं मशीन चालू असतं, दूध घेतलं जातं, सेक्रेटरी वहीत लिहून घेतात आणि मग दुपारी बसून सगळं परत भरतात. त्यात एक डिग्री चुकली की दहा दिवसांच्या बिलात भांडण होतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तुमच्या दोन पानांच्या प्रोफाइलमध्ये यातलं एक अक्षर नाही.

२०२५ मध्ये तुम्ही रिलीजची वेळ बदलून सकाळी साडेअकरा केलीत. संकलन संपलेलं, टीम जागी, संध्याकाळच्या संकलनाला अजून सहा तास. आणि पाइपलाइन आल्यामुळे आठवड्याचा एक मोठा रिलीज मोडून छोटे छोटे तीन केलेत. पहिल्या सहा महिन्यांत २६ रिलीज आणि त्यातले ११ बिघडलेले, म्हणजे शंभरात ४२. दुसऱ्यात ७८ रिलीज आणि त्यातले ५ बिघडलेले, म्हणजे शंभरात ६. रिलीज तिप्पट झाले आणि बिघाड निम्म्याहून कमी झाले. ५९ टक्क्यांपेक्षा हे वाक्य कितीतरी वजनदार आहे, कारण इन्सिडेंट कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रिलीज करणंच कमी करणं, आणि तुम्ही तो घेतलेला नाही हे यातून लगेच दिसतं.

हे आकडे तुम्ही स्वतः परत मोजा. २०२५चे रिलीज गिटच्या टॅगवरून मिळतील:

```
git tag --list 'v*' --sort=creatordate \
  --format='%(creatordate:short) %(refname:short)'
```

२०२४ मध्ये टॅग लावायची पद्धत नव्हती, तेव्हाचे रिलीज टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या "आज रात्री अपडेट आहे" या निरोपांवरून मोजा. मुलाखतीत विचारलं तर हेच सांगा. जुनी नोंद कशी मिळवली हे सांगता येणं म्हणजेच मोजमाप केल्याचा पुरावा.

यानंतर अपटाइम. इथे तुमच्या शीटमध्ये एक खोच आहे, ती मला दुसऱ्या दिवशी लक्षात आली. २०२५ मध्ये बाहेरून दर मिनिटाला तपासणी होते, त्यामुळे बिघाड कधी सुरू झाला हे नेमकं कळतं. २०२४ मध्ये तपासणीच नव्हती. तेव्हाची "सुरुवात" म्हणजे संस्थेतून फोन आला ती वेळ. शनिवारी रात्री अकराला मोडलेलं सॉफ्टवेअर शीटमध्ये रविवारी सहा चाळीसला बंद पडलेलं दिसतं. त्यामुळे २०२४ची बेरीज १,२४० मिनिटं येते ती कमीत कमी आहे, खरी त्याहून बरीच जास्त असणार. टक्क्यांत सांगायचं तर तेव्हाचा अपटाइम ९९.५ च्या आसपास दिसतो, पण प्रत्यक्षात त्याहून खालीच असेल. २०२५ची बेरीज २६० मिनिटं आहे, ती ९९.९ टक्के. दोन वेगळ्या काट्यांवर तोललेलं दूध एका पावतीवर लिहू नये, म्हणून "९९.५ वरून ९९.९" असं मी प्रोफाइलमध्ये लिहिणार नाही. विचारलं तर तोंडी सांगा, आणि ही अडचण आपणहून सांगा.

मग लिहायचं काय? संकलनाच्या वेळेतली मिनिटं. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास, एवढ्यात बंद पडलेली मिनिटं वेगळी काढा. त्या वेळेत सॉफ्टवेअर अडलं तर पाच मिनिटांत कुठल्या ना कुठल्या संस्थेचा फोन येतोच, म्हणजे तपासणी नसतानाही २०२४ची नोंद बऱ्यापैकी खरी आहे आणि दोन्ही वर्षं एका काट्यावर येतात. मी काढली तर २०२४ मध्ये ४१० मिनिटं आली आणि २०२५ मध्ये ३५. शिवाय वापरणाऱ्याला जो त्रास होतो तो हाच. मध्यरात्रीची ६० मिनिटं कोणाला कळलीही नाहीत, पण सकाळी साडेसहाची १० मिनिटं सगळ्या गावाला कळतात. दुसऱ्या धंद्यात ही वेळ वेगळी असेल, दुकानाच्या बिलिंगला संध्याकाळ, पगाराच्या सॉफ्टवेअरला महिनाअखेर. पण समोरचा माणूस हे वाचून ओळखतो की याला आपलं सॉफ्टवेअर कोण, कधी वापरतं हे माहीत आहे.

आता ओळी लिहू. मी मुद्दाम मराठीत लिहिते आणि तुम्हीही आधी मराठीत लिहा, इंग्रजी नंतर. इंग्रजीत "स्पिअरहेडेड" आणि "लेव्हरेज्ड" हे शब्द आपोआप येऊन बसतात. मराठीत तसलं काही लिहायला गेलं की आपलं आपल्यालाच ऐकवत नाही, आणि जे खरं केलं तेवढंच कागदावर राहतं.

तुमच्या प्रोफाइलमधली आताची ओळ अशी आहे: "जेनकिन्स, गिटलॅब, डॉकर, कुबरनेटिस, हेल्म, ॲन्सिबल, टेराफॉर्म, सोनारक्यूब वापरून एंड टू एंड पाइपलाइन आणि ९९.९९ टक्के अपटाइम." हिच्या जागी या तीन ओळी लिहा:

> दूध संकलनाच्या वेळेत सॉफ्टवेअर बंद राहण्याचा काळ सहा महिन्यांत ४१० मिनिटांवरून ३५ मिनिटांवर आणला (एप्रिल ते सप्टेंबर, २०२४ आणि २०२५).
>
> शनिवार रात्रीचा हाताने होणारा साप्ताहिक रिलीज बंद करून गिटलॅबवर पाइपलाइन उभी केली आणि रिलीज संकलनानंतर, कामाच्या वेळेत आणला. रिलीज २६ वरून ७८ झाले, बिघडणारे ११ वरून ५.
>
> रिलीजनंतर तपासणी नापास झाली तर जुनी आवृत्ती आपोआप परत येते. बिघाड कळल्यापासून सावरायला सरासरी ६४ मिनिटं लागत, आता १५.

तीन ओळींत टूलचं नाव एकच आलं. तेही अशासाठी, की पाइपलाइन म्हटल्यावर "कशावर?" हा प्रश्न लगेच येतो. आणि सगळ्यात जास्त फरक ज्याने पडला, रिलीजची वेळ बदलणं, त्याला टूल लागलंच नाही. तुम्ही ते प्रोफाइलमध्ये लिहिलं नव्हतं, बहुधा तुम्हाला ते "तांत्रिक काम" वाटलं नसेल. मला त्यासाठीच तुम्हाला मुलाखतीला बोलवावंसं वाटलं असतं.

या ओळींवर जे प्रश्न येतील त्यातले दोन मला जवळजवळ खात्रीने सांगता येतात. पहिला: तपासणी म्हणजे नेमकं काय तपासता? तुमची `/health` ही फक्त "मी जिवंत आहे" एवढंच सांगत असेल तर डेटाबेस बंद असतानाही ती २०० हे उत्तर देत राहील आणि पाइपलाइन म्हणेल सगळं ठीक आहे. तुम्ही शीटमध्ये लिहिलंय की मे महिन्यात नेमकं हेच घडलं, आणि मग तुम्ही एका खोट्या संस्थेच्या नावाने एक नमुना नोंद भरून, वाचून, पुसून बघायला सुरुवात केलीत. ही गोष्ट जशी घडली तशी सांगा, मे मधला बिघाड लपवू नका.

दुसरा प्रश्न: जुनी आवृत्ती परत आणता, मग डेटाबेसचं काय? नव्या आवृत्तीने टेबलातला एक कॉलम काढून टाकला असेल तर जुनी आवृत्ती परत लावून ती चालणारच नाही, ती तो कॉलम शोधेल. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे बदल दोन टप्प्यांत करायचा. आधी नवा कॉलम वाढवायचा, काही दिवस दोन्ही भरायचे, आणि जुन्याला कोणी हात लावत नाही याची खात्री झाल्यावर पुढच्या एखाद्या रिलीजमध्ये तो काढायचा. तुम्ही हे करत असाल तर उत्तर तयार ठेवा. करत नसाल तर "डेटाबेस बदलणारा रिलीज आपोआप मागे जात नाही, तो आम्ही हाताने हाताळतो" असं स्वच्छ सांगा. उरलेल्या ५ पैकी २ बिघाड याच जातीचे आहेत, म्हणजे प्रश्न येणारच.

डिस्कसाठी एक ओळ पुरे: डिस्क भरून बंद पडण्याचे प्रकार सहावरून एकावर आले, कारण अलर्ट आता "८० टक्के भरली" यावर न वाजता "याच वेगाने गेली तर २४ तासांत भरेल" यावर वाजतो. प्रोमिथियसमध्ये हे `predict_linear` ने करतात हे त्यातल्या माणसाला न सांगता कळेल. ८० टक्क्यांवरच्या अलर्टची अडचण अशी, की मोठी डिस्क ८० वर महिनोन्महिने सुखाने राहते, रोज अलर्ट येतो आणि टीम तो वाचणं सोडून देते. आणि ज्या रात्री लॉग अचानक फुगतात त्या रात्री ८० ते १०० दोन तासांत होतं.

क्लाउडबद्दल तुमच्याकडे सात ओळी आहेत आणि त्या सगळ्या सेवांच्या नावांच्या आहेत. त्या सातांतून मला एकच गोष्ट कळली, की ऑफिसमधले दोन सर्व्हर तुम्ही क्लाउडच्या मुंबई रिजनमध्ये नेले. त्यामुळे काय बदललं? शीटच्या शेवटच्या पानावर तुम्हीच लिहिलंय: पूर्वी नवा सर्व्हर उभा करायला दोन दिवस लागत, आता टेराफॉर्मच्या फाइलींवरून ४० मिनिटांत उभा राहतो आणि तुम्ही दर तिमाहीला रिकाम्या खात्यात तो उभा करून, त्यात बॅकअप भरून बघता. हीच ओळ लिहा. बॅकअप सगळेच घेतात, तो परत भरून बघणारे थोडे असतात. इथे एक जपा: कोणी वेबसाइटवरून हाताने काही बदललं तर फाइलींत एक आणि प्रत्यक्षात दुसरं असं होतं. `terraform plan` रोज आपोआप चालवून तुम्ही ते पकडता की नाही, हे विचारलं जाईल.

मग तुमच्या प्रोफाइलमधल्या टूल्सच्या अडतीस नावांचं काय करायचं? ती पूर्ण काढून टाकू नका. बऱ्याच ठिकाणी प्रोफाइल माणसाआधी शोधयंत्रातून जातं, आणि जाहिरातीतला शब्द तुमच्याकडे नसला तर तुम्ही यादीत दिसतच नाही. म्हणून सगळ्यात खाली दोन ओळी ठेवा. एक "रोज वापरतो", त्यात आठ-नऊ नावं, स्पेलिंग जाहिरातीत असतं तसंच. दुसरी "काम केलंय, पण रोज नाही", त्यात पाच-सहा. तिसरी ओळ नको. कुठलं नाव कुठल्या ओळीत, याची माझी कसोटी अशी: त्या टूलने तुम्हाला एकदा तरी रात्री उठवलंय का, आणि काय झालं होतं हे तुम्ही दोन मिनिटं सांगू शकता का? तुमच्या शीटमध्ये कुबरनेटिसचा एकही इन्सिडेंट नाही. म्हणजे ते तुम्ही घरी शिकला आहात, असा माझा अंदाज. ते दुसऱ्या ओळीतही नको. "शिकतोय" म्हणून बोलण्यात येऊ द्या. प्रोफाइलमध्ये असलं की पाचवा प्रश्न त्यावरच येईल आणि आधीच्या चार चांगल्या उत्तरांवर पाणी पडेल.

पाठवण्याआधी दोन कामं करा. तुमच्या साहेबांना हे आकडे दाखवा आणि बाहेर सांगायला हरकत आहे का ते विचारा. नाही म्हणाले तर मिनिटं न लिहिता "बारा पटींनी कमी" अशी प्रमाणं लिहा, ४१० आणि ३५ मध्ये जवळजवळ तेवढंच अंतर आहे. आणि कुठल्याही दूध संस्थेचं नाव कुठेही येता कामा नये, स्क्रीनशॉटमध्येसुद्धा. दुसरं, जिथे "मी" लिहिलंय तिथे खरोखर मीच होतो का हे सहकाऱ्यांबरोबर बसून तपासा. टेस्ट तुमच्या टीममधल्या दुसऱ्या कोणीतरी लिहिल्यात असं शीटमधल्या नोंदींवरून दिसतं. तर "सहा जणांच्या टीममध्ये पाइपलाइन आणि अलर्ट माझ्याकडे" असं सुरुवातीलाच एका ओळीत लिहा.

नवं प्रोफाइल एका पानात बसेल. लिहून झालं की मराठी मसुदा मला पाठवा. इंग्रजी करायच्या आधी मे महिन्यातल्या बिघाडाची ओळ मला एकदा वाचायची आहे.